चोर दोन, उपाय दोन: ऑफिसच्या व्हीपीएनला सर्टिफिकेट लावावं की ओटीपी?

लॅपटॉप चोरणारा आणि फोनवर थापा मारणारा हे दोन वेगळे चोर. पहिल्याच्या हाती वस्तू लागते, पण वापरणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते त्याला कळत नाही. दुसऱ्याच्या हाती वस्तू लागत नाही, पण समोरच्याच्या तोंडून तो हवं ते काढून घेतो. छोट्या कंपनीने घरून किंवा फिरतीवरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन बसवायचं ठरवलं की लगेच प्रश्न येतो: आत येणारा माणूस आपलाच आहे हे ओळखायचं कसं? प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये सर्टिफिकेट घालायचं, की प्रत्येकाच्या मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड चालू करायचा?

कॉम्प्युटरवाला बहुधा म्हणतो, ओटीपी लावा, लोकांना सवय आहे. दुसरा कोणी म्हणतो, सर्टिफिकेटच पक्कं. दोघेही खोटं बोलत नाहीत. यातलं 'जास्त सुरक्षित' कोणतं या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर नाही, कारण एक उपाय एका चोराला अडवतो आणि दुसरा दुसऱ्याला. म्हणून आधी आपल्याला भीती कोणाची आहे ते ठरवावं लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उपाय एकदा बसवल्यावर तो सांभाळणार कोण, हे ठरवावं लागतं.

नुसता पासवर्ड का नको

व्हीपीएन म्हणजे बाहेरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटमधूनच काढलेली बंदिस्त वाट. ती जोडली गेली की कोल्हापुरातल्या लॉजवर बसलेल्या माणसाला ऑफिसातला टॅलीचा सर्व्हर शेजारच्या टेबलावर असल्यासारखा दिसतो. म्हणजे या वाटेच्या तोंडाशी होणारी तपासणी ही अख्ख्या ऑफिसची तपासणी असते.

तिथे नुसता पासवर्ड असला तर काय होतं, याचा दाखला मे २०२१ मध्ये अमेरिकेत मिळाला. टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत इंधन वाहून नेणारी कलोनियल पाइपलाइन ७ मे रोजी बंद करावी लागली. हल्लेखोर आत आले होते ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. पासवर्ड चांगला अवघड होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी पुढच्या महिन्यात सिनेटच्या समितीला सांगितलं. पण तो त्यांच्या हाती लागला आणि त्यापुढे दुसरी कसलीही तपासणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली.

तेव्हा पासवर्डच्या जोडीला दुसरं काहीतरी हवंच, यावर वाद नाही. वाद आहे तो ते दुसरं काय असावं यावर.

सर्टिफिकेट: लॅपटॉपची सही

ज्यांनी कंपनीचे कागद एमसीएच्या पोर्टलवर भरले आहेत त्यांना डीएससीचा यूएसबी टोकन माहीत असतो. सीएच्या ऑफिसात खणात अशा टोकनांची माळ असते. व्हीपीएनचं क्लायंट सर्टिफिकेट त्याच जातीचं. फरक इतकाच, की डीएससी सरकारमान्य संस्था देते आणि व्हीपीएनचं सर्टिफिकेट कंपनी स्वतःच आपल्या माणसांना देऊ शकते. त्याला पैसे पडत नाहीत.

आत चालतं ते असं. प्रत्येक लॅपटॉपसाठी दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. एक खासगी, ती लॅपटॉपमध्येच राहते. दुसरी जाहीर, तिच्यावर कंपनीची मूळ किल्ली सही करते, आणि सही झालेल्या त्या दाखल्याला सर्टिफिकेट म्हणायचं. लॅपटॉप व्हीपीएनला जोडायला आला की तो दाखला पुढे करतो आणि त्या वेळच्या संभाषणावर आपल्या खासगी किल्लीने सही करून दाखवतो. सर्व्हर दोन्ही सह्या तपासतो. खासगी किल्ली या सगळ्यात एकदाही वायरवरून जात नाही. आणि केलेली सही त्या एका जोडणीपुरतीच असते, दुसऱ्या कोणी ती उचलून दुसरीकडे वापरू म्हटलं तर चालत नाही.

याचा एक परिणाम फार मोलाचा आहे. वापरणाऱ्याला ही किल्ली माहीतच नसते. ती त्याला टाइप करता येत नाही, वाचून दाखवता येत नाही. म्हणून कोणी कितीही गोड बोलून विचारली तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

पण इथेच एक खाच आहे. 'किल्ली लॅपटॉपमध्येच राहते' हे वाक्य किल्ली कशी ठेवली आहे त्यावर खरं किंवा खोटं ठरतं. ओपनव्हीपीएनसारख्या प्रणालीत सोय म्हणून सर्टिफिकेट, खासगी किल्ली आणि सेटिंग एकाच `.ovpn` फाइलमध्ये घालून देतात. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, डाउनलोड्समध्ये पडून राहते, कोणीतरी ती स्वतःला मेल करून ठेवतो. किल्लीवर पासफ्रेझ नसेल तर ती फाइल ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे किल्ली गेली. विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये 'निर्यात करता येणार नाही' अशी खूण करून किल्ली ठेवली, किंवा लॅपटॉपमधल्या टीपीएम चिपमध्ये ठेवली, तर ती सहजासहजी बाहेर पडत नाही. विंडोज ११ ला टीपीएम लागतेच, त्यामुळे अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ती असते. प्रश्न असतो तो बसवणाऱ्याने ती वापरण्याची तसदी घेतली का, एवढाच.

कोड: दोघांचं एकच गुपित

ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड बँकेच्या एसएमएससारखा दिसतो, पण तो कुठून येत नाही. मोबाइल तो स्वतः तयार करतो, म्हणून विमानात रेंज नसतानाही तो दिसतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक लांबलचक गुपित सर्व्हरकडून मोबाइलमध्ये उतरतं. त्यानंतर दोघेही १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते पाहतात, त्याला तीसने भागतात, आणि तो आकडा व गुपित एकत्र घोटून सहा अंक काढतात. गुपित एकच, वेळ एकच, म्हणून उत्तरही एकच. ही रीत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या नावाने प्रसिद्ध झाली आणि आजची बहुतेक ऑथेंटिकेटर अ‍ॅप तीच पाळतात.

एसएमएसवर येणारा ओटीपी ही वेगळी गोष्ट. तो नेटवर्कवर अवलंबून असतो आणि कोणी आपल्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर त्याच्याकडे जातो. ऑफिसच्या व्हीपीएनसाठी तो विचारातच घेऊ नये.

अ‍ॅपच्या कोडची खाच सर्टिफिकेटच्या बरोबर उलट्या बाजूला आहे. इथे गुपित दोन ठिकाणी असतं, मोबाइलमध्ये आणि सर्व्हरवर, कारण सर्व्हरलाही तेच उत्तर काढायचं असतं. सर्व्हर फुटला तर सगळ्यांची गुपितं एकदम जातात. सर्टिफिकेटच्या पद्धतीत सर्व्हरकडे कोणाचीच खासगी किल्ली नसते. दुसरं म्हणजे तो क्यूआर कोड. तोच गुपित आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. नवा माणूस रुजू झाला की बसवून देणारा त्याचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आणि 'मोबाइल बदलला तर लागेल' म्हणून माणूस तो फोटोंमध्ये जपून ठेवतो. तो फोटो ज्याने पाहिला तो पुढे कधीही त्या माणसाचे कोड काढू शकतो.

फोनवरचा थापाड्या

आता दोन चोरांकडे वळू. लॅपटॉप चोराला कोड चांगला अडवतो. रेल्वेत बॅग गेली, लॅपटॉप गेला, त्यावर पासवर्डची चिठ्ठीही चिकटवलेली होती असं समजा. तरी मोबाइल मालकाच्या खिशात आहे. कोडविना चोर बाहेर. तेच नुसतं सर्टिफिकेट असतं तर लॅपटॉपबरोबर सर्टिफिकेटही गेलं असतं.

फोनवरच्या चोराचं उलट आहे. जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन आले. बोलणारा म्हणाला, मी कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवरून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची अडचण आहे ना, ती सोडवायची आहे. कोविडमुळे सगळे घरून काम करत होते आणि व्हीपीएन खरंच अडत होतं, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. त्यांना ट्विटरच्या व्हीपीएन पानासारखंच दिसणारं बनावट पान दिलं गेलं. कर्मचारी तिथे नाव आणि पासवर्ड घालत, आणि त्याच क्षणी चोर तीच माहिती खऱ्या पानावर घालत. खरं पान दुसऱ्या टप्प्याची खातरजमा मागे, ती विचारणा कर्मचाऱ्याच्या फोनवर येई, आणि काहींनी ती पूर्णही केली. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तसेवा खात्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढलेल्या अहवालात हे सगळं नोंदलं आहे. १५ जुलैला नामवंतांच्या खात्यांवरून बिटकॉइनच्या फसवणुकीचे संदेश गेले आणि चोरांनी सुमारे १ लाख १८ हजार डॉलर लाटले. आरोपींपैकी मुख्य मानला गेलेला मुलगा फ्लोरिडातला, १७ वर्षांचा होता.

हा प्रकार आपल्याकडे घडायला फार लागत नाही. "नमस्कार मॅडम, आयटीकडून बोलतोय. तुमचं व्हीपीएन मधेच तुटतंय ना? नवीन सर्व्हरवर टाकतोय सगळ्यांना, लिंक पाठवलीय बघा. हां, आता अ‍ॅपमधला नंबर टाका. लवकर टाका हं, बदलेल तो." हे शेवटचं वाक्य ऐका. कोड तीस सेकंदांत बदलतो हीच सुरक्षितता, आणि तीच घाई करायला चोराच्या कामी येते. चोर दुसऱ्या टोकाला खरं व्हीपीएन उघडून बसलेला असतो. त्याला तीस सेकंद पुष्कळ झाले. बरेच सर्व्हर घड्याळ थोडं मागेपुढे असलं तर अडू नये म्हणून आधीचा किंवा पुढचा कोडही चालवून घेतात, म्हणजे वेळ आणखी मिळतो.

या फोनपुढे सर्टिफिकेट ठाम उभं राहतं. मॅडमनी नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला, तरी चोराच्या लॅपटॉपकडे खासगी किल्ली नाही. अमेरिकेच्या सीआयएसए आणि एफबीआय या संस्थांनी २० ऑगस्ट २०२० रोजी अशा फोनांबद्दल जी सूचना काढली, तिच्यात हाच उपाय सांगितला आहे: व्हीपीएन फक्त कंपनीच्या ताब्यातल्या यंत्रांनाच जोडू द्या, त्यासाठी सर्टिफिकेटसारखं काही यंत्रात बसवा, म्हणजे माणसाने टाइप केलेल्या गोष्टींवर कोणाला आत येता येणार नाही.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तर एक फरक दिसतो, आणि माझ्या मते निवड त्याच्यावरच व्हावी. लॅपटॉप चोराला अडवायला आणखीही साधे उपाय आहेत. विंडोज प्रो मध्ये बिटलॉकर चालू करा, पडदा बंद झाल्यावर पासवर्ड विचारायला लावा, आणि लॅपटॉप गेल्याचं कळताच सर्टिफिकेट रद्द करा. शिवाय लॅपटॉप गेला हे माणसाला लगेच कळतं. फोनवरच्या थापाड्याला मात्र सांगता न येणारी गोष्ट सोडून दुसरं काही भरवशाने अडवत नाही. आणि आपण फसलो हे त्या मॅडमना कित्येक दिवस कळतही नाही. म्हणून कंपनीचे लॅपटॉप असतील तर पाया सर्टिफिकेटचा असावा.

सांभाळणाऱ्याचं काम

सर्टिफिकेट पक्कं असूनही छोट्या ऑफिसांत ते बदनाम होतं, ते देखभालीमुळे. तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला, सगळ्यांना एकच फाइल. बसवणारा `client1` नावाचं एक सर्टिफिकेट काढतो आणि तेच सगळ्यांना वाटतो. ओपनव्हीपीएनमध्ये एकाच सर्टिफिकेटवर दुसरा माणूस जोडला गेला की पहिला बाहेर फेकला जातो. दोघे आळीपाळीने तुटू लागतात, ओरड होते, आणि मग बसवणारा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये `duplicate-cn` अशी एक ओळ घालतो. ओरड थांबते. पण आता एक माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं एकट्याचं काही रद्द करता येत नाही. रद्द करायचं तर सगळ्यांचं. तुमच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ही ओळ असेल तर सर्टिफिकेट असून नसल्यासारखं आहे, असं समजायला हरकत नाही.

दुसरा घोटाळा रद्द करण्याचा. दिलेलं सर्टिफिकेट परत घेता येत नाही, फक्त 'हे आता चालणार नाही' अशा यादीत टाकता येतं. ईझी-आरएसए हे सर्टिफिकेट काढायचं सर्रास वापरलं जाणारं साधन. त्यात दोन आज्ञा द्याव्या लागतात:

```
./easyrsa revoke sales-laptop-03
./easyrsa gen-crl
```

पुष्कळजण पहिली देऊन थांबतात. त्याने फक्त नोंद होते. दुसरीने नवी यादी तयार होते. ती `crl.pem` फाइल सर्व्हरवर न्यावी लागते, आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये `crl-verify` ही ओळ असावी लागते. ती नसेल तर सर्व्हर यादी उघडतच नाही आणि रद्द केलेला माणूस आरामात येत राहतो. सगळं नीट केलं तरी जो त्या क्षणी जोडलेला आहे तो लगेच तुटत नाही. ओपनव्हीपीएन मुळात दर तासाने किल्ल्या बदलतं तेव्हा त्याची पुन्हा तपासणी होते. तातडी असेल तर सर्व्हरवरची सेवा एकदा बंद करून चालू करावी.

तिसरा घोटाळा सर्वांत फसवा, कारण त्यात कोणी काही चुकीचं केलेलं नसतं. त्या यादीलाच मुदत असते. ईझी-आरएसए ठरवून दिलेलं काही बदललं नाही तर ती १८० दिवसांची असते. १ एप्रिलला यादी काढली तर ती २८ सप्टेंबरला संपते. त्या दिवशी सर्टिफिकेटं शाबूत, पासवर्ड बरोबर, इंटरनेट चालू, आणि तरी एकही माणूस जोडला जात नाही. शिळी यादी मानण्यापेक्षा सर्वांनाच नाकारणं सर्व्हर पसंत करतो. त्याच्या लॉगमध्ये `CRL has expired` असं लिहिलेलं असतं. हे माहीत नसलेला माणूस दिवसभर राउटर बंद-चालू करतो, आणि शेवटी वैतागून `crl-verify` ची ओळच काढून टाकतो. व्हीपीएन चालू होतं आणि आजवर रद्द केलेली सगळी सर्टिफिकेटंही पुन्हा चालू होतात. खरा उपाय एवढाच, की `gen-crl` पुन्हा चालवून नवी यादी न्यायची. यादी कधी संपते ते एका ओळीत दिसतं:

```
openssl crl -in crl.pem -noout -nextupdate
```

सर्टिफिकेटांनाही मुदत असते, त्याच साधनाच्या सध्याच्या आवृत्त्यांत ८२५ दिवसांची, म्हणजे सव्वादोन वर्षं. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेटही त्यातच येतं. ते संपलं की पुन्हा सगळे एकाच दिवशी बाहेर.

कोडची देखभाल हलकी आहे. माणूस गेला की त्याचं खातं बंद केलं, काम झालं. यादी नाही, मुदत नाही. पण तिथेही दोन गोष्टी छळतात. एक म्हणजे घड्याळ. सर्व्हरचं घड्याळ दोनतीन मिनिटं सरकलं तर सगळ्यांचे बरोबर कोड चूक ठरतात. ओळखायची खूण सोपी: एकालाच अडचण असेल तर त्याच्या मोबाइलची वेळ पाहा, सगळ्यांना एकदम असेल तर सर्व्हरची. लिनक्सवर `timedatectl` दिलं की घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळलेलं आहे का ते कळतं. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेतच. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायलाही सांगितलं आहे. व्हीपीएनला कोण कधी जोडलं होतं हे सांगणारा तोच कागद.

दुसरी गोष्ट त्या तासाभराच्या तपासणीची. कोड लावलेल्या ओपनव्हीपीएनमध्ये माणूस दहाला जोडला गेला की अकराला सर्व्हर पुन्हा ओळख मागतो. लॅपटॉप आठवणीतला दहाचा कोड पुढे करतो, तो कधीच शिळा झालेला असतो, आणि जोडणी तुटते. बाराला पुन्हा तेच. 'तासातासाला व्हीपीएन जातं' अशी तक्रार आली तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी सर्व्हरवर `auth-gen-token` ही ओळ आहे का पाहावं. तिच्यामुळे पहिल्या तपासणीनंतर सर्व्हर स्वतःच एक तात्पुरती खूण देतो आणि पुढच्या वेळी तीच चालते.

एका कारखान्याचा हिशेब

आता हे प्रत्यक्षात कसं बसवायचं ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. भोसरी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना धरा. ऑफिसात २२ माणसं. त्यातली आठ बाहेरून व्हीपीएन वापरतात: तीन विक्री अभियंते, ड्रॉइंग करणारे दोघे, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्या हिशेबनीस बाई, मालक आणि त्यांची मुलगी. नववा माणूस बाहेरचा, सीएच्या ऑफिसातला सहायक, जो महिनाअखेरीला स्वतःच्या संगणकावरून टॅली पाहतो. आयटीसाठी वेगळा माणूस नाही. एक हार्डवेअरवाला महिन्यातून एकदा येतो.

आठजणांचे लॅपटॉप कंपनीचे आहेत. त्या प्रत्येकाला वेगळं सर्टिफिकेट, लॅपटॉपच्या नावाने, आणि जोडीला माणसाचा पासवर्ड. दोन लॅपटॉप वापरणाऱ्याला दोन सर्टिफिकेटं. इथे एक बारीक गोष्ट तपासावी. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर सर्टिफिकेट वेगळं तपासतो आणि पासवर्ड वेगळा, दोन्ही एकाच माणसाचे आहेत का हे पाहत नाही. म्हणजे चोरलेल्या लॅपटॉपवर दुसऱ्याच कोणाचा फुटलेला पासवर्ड चालून जातो. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये हे जुळवून पाहण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती वापरायची तर सर्टिफिकेट लॅपटॉपच्या नावाने न काढता माणसाच्या लॉगिन नावाने काढावं लागतं. या कारखान्यात एका माणसाकडे एकच लॅपटॉप आहे, तेव्हा माणसाचंच नाव घालणं बरं.

मालक आणि त्यांच्या मुलीला सगळंच उघडतं, पगारपत्रकापासून बँकेच्या फाइलींपर्यंत. त्या दोघांना सर्टिफिकेट आणि पासवर्डच्या वर कोडही लावावा. दोघांपुरता त्रास सोसण्यासारखा आहे, आणि तिथे दोन्ही चोर अडतात.

सीएच्या सहायकाला सर्टिफिकेट देण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा संगणक आपल्या ताब्यात नाही, किल्ली तिथे कशी ठेवली जाईल यावर आपला हात नाही, आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरा मुलगा असेल. त्याला पासवर्ड आणि कोड. पण मग थापाड्याच्या फोनला तो बळी पडू शकतो हे धरूनच चालायचं आणि नुकसानाला मर्यादा घालायची: त्याच्या खात्यातून फक्त टॅलीचा सर्व्हर दिसेल, ड्रॉइंगचा नाही, आणि खातं महिनाअखेरीचे दिवस सोडून बंद राहील.

सर्टिफिकेटांवर सही करणारी मूळ किल्ली व्हीपीएनच्या सर्व्हरवर ठेवू नये. ती ज्याच्या हाती पडेल तो हवी तितकी सर्टिफिकेटं काढू शकतो आणि तुमच्या वहीत त्यांची नोंदही नसेल. ती वेगळ्या पेनड्राइव्हवर, पासफ्रेझ घालून, मालकाच्या कपाटात ठेवावी. हार्डवेअरवाल्याच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको.

आणि एक वही. कोणाचं सर्टिफिकेट, कधी दिलं, कधी संपतं, कधी रद्द केलं, एवढे चार रकाने. सर्टिफिकेट, सर्व्हर आणि रद्द-यादी यांच्या मुदती हिशेबनीस बाईंच्या कॅलेंडरमध्ये घालाव्यात, कारण जीएसटीच्या तारखा त्याच सांभाळतात आणि त्यांची तारीख चुकत नाही. माणूस नोकरी सोडतो तेव्हा फुल अँड फायनलच्या कागदावर एक ओळ वाढवावी: व्हीपीएन रद्द केलं, तारीख, सही. ती सही झाल्याशिवाय हिशेब पुरा करायचा नाही.

हे वाचून ज्यांना वाटेल की आपल्याकडे वही कोणी लिहिणार नाही, तारखा कोणी पाहणार नाही, त्यांनी कोडच लावावा हे प्रामाणिक उत्तर. कोणी न सांभाळलेलं सर्टिफिकेट सहा महिन्यांनी एकतर सगळ्यांना अडवतं किंवा सगळ्यांना सोडतं. कोड निदान माणूस काढल्यावर त्या एका माणसालाच बंद होतो. पण मग ऑफिसात सर्वांना बजावून ठेवावं, की अ‍ॅपमधला नंबर फोनवर कोणालाही सांगायचा नाही आणि फोनवर मिळालेल्या लिंकवर टाकायचा नाही, मालक स्वतः बोलत असले तरी. शंका आली तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहिलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा.

तुमच्याकडे यातलं काहीही आधीच बसवलेलं असेल तर ते खरंच चालतं का, हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. गेल्या वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप ऑफिसात परत आलेला असेल. त्यातली माहिती पुसायच्या आधी तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावा आणि व्हीपीएन जोडून पाहा. ते जोडलं गेलं, तर सर्टिफिकेट की ओटीपी हा वाद बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाचा प्रवेश बंद करा.